पीपीटीवरून दहा मार्कांचं उत्तर कसं उभं करायचं: डेडलॉकचा एक प्रश्न घेऊन

"सर, पीपीटीत होतं ते सगळं लिहिलं की. तरी दहात सहाच पडले."

सेमिस्टरचा निकाल लागला की खानापूर, निपाणी, येळ्ळूर, कडोलीकडची मुलं हे सांगत येतात. उत्तरपत्रिकेची प्रत मागवून पाहिली तर त्यांचं म्हणणं खरंही निघतं. स्लाइडवरचा एकही मुद्दा सुटलेला नसतो. मार्क गेलेले असतात ते स्लाइडवर जे नव्हतंच, त्याचे.

स्लाइड ही शिकवणाऱ्याने वर्गात आपली गाडी चुकू नये म्हणून केलेली टिपणं असतात. त्यावर नावं असतात, क्रियापदं नसतात. "कारण", "म्हणून", "नाहीतर काय झालं असतं" हे सगळं सर तोंडाने सांगतात आणि तास संपला की ते हवेत जातं. आपल्याकडे वर्गाच्या ग्रुपवर पीपीटी येते, आपण ती झेरॉक्सच्या दुकानात एका पानावर सहा स्लाइड अशी छापून घेतो आणि तीच पाठ करतो. पेपरात मग तीच टिपणं उतरतात. तपासणाऱ्याला त्यात मुद्दा दिसतो, पण समजलेलं काही दिसत नाही. तो अर्धे मार्क देऊन पुढे जातो आणि त्याचं काही चुकत नाही.

दहा मार्कांचं उत्तर पीपीटीवरून कसं बांधायचं, हे मी एकच प्रश्न धरून शेवटपर्यंत दाखवतो. प्रश्न घेतलाय ऑपरेटिंग सिस्टिम्समधल्या डेडलॉकचा. हा विषय कॉम्प्युटरच्या मुलांना व्हीटीयूमध्ये तिसऱ्या सेमिस्टरला येतो. व्याख्या, आकृती, उदाहरण तिन्ही त्यात सरळ मागितलेलं असतं, आणि मार्कही त्यात हमखास जातात. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे हे गृहीत आहे. इथे रचना कळावी म्हणून उत्तराचा मजकूर मराठीत मांडतो.

प्रश्न आधी फोडा

प्रश्न असा आहे: "डेडलॉक म्हणजे काय? डेडलॉक होण्यासाठी लागणाऱ्या अटी रिसोर्स अलोकेशन ग्राफ काढून, उदाहरणासह स्पष्ट करा. १० मार्क."

घाईत वाचला तर हा एक प्रश्न वाटतो. पेन्सिलीने त्यात रेघा मारून बघा, चार मागण्या निघतात: व्याख्या, अटी, ग्राफ, उदाहरण. तपासणाऱ्याच्या हातात मार्कांची वाटणी असते, आणि ती साधारण याच मागण्यांप्रमाणे पडते. व्याख्येला दोन, चार अटींना प्रत्येकी एक म्हणजे चार, ग्राफला तीन, उदाहरणाला एक, असा अंदाज धरून चाला. पेपर काढणाऱ्यागणिक एखादा मार्क इकडचा तिकडे होईल, पण अटींचा वाटा सगळ्यात मोठा असणार हे बदलत नाही. तुमचा वेळ आणि जागाही त्याच हिशेबाने जायला हवी.

वेळेचा हिशेब एकदाच करून ठेवा. व्हीटीयूचा पेपर १०० मार्कांचा, तीन तासांचा. पाच मॉड्यूल, प्रत्येकातून २० मार्कांचा एक पूर्ण प्रश्न. १८० मिनिटांतली १५ पेपर वाचायला आणि शेवटी तपासायला ठेवली तर १६५ उरतात, म्हणजे १० मार्कांना साधारण १६ मिनिटं. मी ती अशी वाटतो: व्याख्येला २, उदाहरण आणि ग्राफला ५, चार अटींना ७, आणि शेवटच्या छोट्या भागाला २. एवढ्या वेळात अडीच ते तीन पानं होतात. पाच पानं लिहिणाऱ्याला जास्त मार्क पडतात हा समज सोडून द्या. ती जादा दोन पानं दुसऱ्या कुठल्या तरी प्रश्नाच्या वेळेतून गेलेली असतात, आणि तो प्रश्न मग अर्धा राहतो.

प्रश्नाशेजारी मार्कांच्या रकान्यानंतर एल आणि सी असे दोन रकाने असतात, तिकडे फारसं कुणी बघत नाही. सी म्हणजे कोर्स आउटकम, त्याचा लिहिताना उपयोग नाही. एलचा आहे. एल१ असेल तर आठवून लिहा, एल२ असेल तर समजावून सांगा, एल३ असेल तर दिलेल्या परिस्थितीला लावून दाखवा. आपल्या प्रश्नापुढे एल२ असेल तर नुसती अटींची नावं लिहून भागणार नाही, हे पेपरच तुम्हाला सांगतोय.

पीपीटीतलं काय घ्यायचं, काय सोडायचं

डेडलॉकच्या पीपीटीत सिस्टिम मॉडेल, चार अटी, ग्राफ, प्रिव्हेन्शन, अव्हॉयडन्स, बँकर्स अल्गोरिदम, डिटेक्शन, रिकव्हरी असं सगळं एका ओळीत असतं. आपल्या प्रश्नाला त्यातल्या पाच-सहा स्लाइडच लागतात. बाकीच्यांवर या प्रश्नापुरती फुली मारा. प्रश्नात मागितलेलं नसताना बँकर्स अल्गोरिदम लिहिणारी मुलं दर खेपेला असतात. त्याला मार्क नसतात, कारण वाटणीत त्याला जागाच नसते.

आता वहीच्या एका पानाचे चार भाग करा आणि प्रत्येकावर एकेक मागणी लिहा. उरलेल्या स्लाइडचे नंबर ज्या त्या भागात टाका. पान भरलं की जे दिसतं ते महत्त्वाचं आहे. "अटी" या भागात तीन-चार स्लाइड जमतात, "ग्राफ"मध्ये दोन, "व्याख्या"मध्ये एखादी, आणि "उदाहरण" हा भाग बहुतेक वेळा कोरा राहतो. तो कोरा भाग परीक्षेच्या आधी भरायचा असतो, पेपरात बसून नव्हे. पुस्तकातून घ्या, वर्गातल्या वहीतून घ्या, पण एकच उदाहरण पक्कं करा.

या कामात एक सावधगिरी ठेवा. एका पानावर सहा स्लाइड छापल्या की ग्राफ पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो आणि बाणांची टोकं दिसेनाशी होतात. रेघ कुठून कुठे आहे ते कळतं, ती कोणत्या दिशेने जाते ते कळत नाही. मुलं अंदाजाने टोक काढतात, आणि या ग्राफमध्ये दिशा उलटली की अर्थच उलटतो. आकृतीच्या स्लाइड मोबाइलवर मोठ्या करून बघा आणि वहीत हाताने काढून घ्या. झेरॉक्सवरून आकृती शिकू नका.

व्याख्या: एवढं एक वाक्य मात्र पाठ

स्लाइडवर साधारण असं असतं: "अडकलेल्या प्रोसेसचा संच, प्रत्येकाकडे एक रिसोर्स, दुसऱ्याच्या रिसोर्ससाठी थांबलेला." मुलं त्याचं "प्रोसेस रिसोर्ससाठी थांबून राहतात त्याला डेडलॉक म्हणतात" असं करून लिहितात. हे चूक आहे. एक प्रोसेस प्रिंटर वापरतेय आणि दुसरी तिचं काम संपायची वाट बघतेय, हे तर रोजचं थांबणं झालं. पहिलीचं काम संपलं की दुसरीचा नंबर लागतो. यात डेडलॉक कुठेच नाही.

दोन मार्क मिळवणाऱ्या व्याख्येत तीन गोष्टी असाव्याच लागतात. प्रोसेसचा एक संच आहे. त्यातली प्रत्येक प्रोसेस थांबलेली आहे. आणि ती ज्या घटनेची वाट बघतेय ती घटना त्याच संचातली दुसरी थांबलेली प्रोसेसच घडवू शकते. तिसरा तुकडा हा व्याख्येचा जीव आहे, आणि गाळला जातो तोही तोच. वाक्य असं होतं: "प्रोसेसच्या एखाद्या संचातली प्रत्येक प्रोसेस जेव्हा अशा घटनेची वाट पाहत थांबलेली असते, की जी त्याच संचातली दुसरी प्रोसेसच घडवू शकते, तेव्हा तो संच डेडलॉकमध्ये आहे असे म्हणतात." त्याला लागून एक ओळ जोडा: इथे घटना म्हणजे रिसोर्स मोकळा होणं.

संपूर्ण उत्तरात शब्दन् शब्द पाठ करायचं ते हे एकच वाक्य. इंग्रजीत करा, पाच वेळा लिहून करा. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना मी मुद्दाम सांगतो: बाकीचं उत्तर पाठ करू नका, छोट्या छोट्या वाक्यांत आपल्या शब्दांनी लिहा. एका वाक्यात एकच कर्ता, एकच क्रियापद. व्याकरण थोडं चुकलं तर सहसा मार्क जात नाहीत. पाठ केलेलं लांब वाक्य मधेच विसरलं आणि अर्धवट सुटलं तर मात्र जातात.

उदाहरण शेवटी नको, सुरुवातीला

इथे माझी पद्धत बहुतेकांपेक्षा वेगळी आहे. व्याख्या, मग अटी, मग आकृती, आणि वेळ उरला तर उदाहरण, असा क्रम मुलं धरतात, कारण पीपीटीत तो तसाच असतो. त्यामुळे चार अटी हवेत तरंगत राहतात आणि उदाहरणाला वेळच उरत नाही. मी सांगतो, व्याख्येनंतर लगेच उदाहरण मांडा, त्याचाच ग्राफ काढा आणि मग प्रत्येक अट त्याच ग्राफवर बोट ठेवून सांगा. चार वेगळ्या अटींना चार वेगळी उदाहरणं शोधावी लागत नाहीत, आणि उत्तर एकजीव दिसतं.

आपलं उदाहरण असं: दोन प्रोसेस, P1 आणि P2. दोन रिसोर्स, R1 म्हणजे प्रिंटर आणि R2 म्हणजे स्कॅनर, दोन्ही एकेकच. दोन्ही प्रोसेसना कागद स्कॅन करून छापायचा आहे, म्हणून दोघींना दोन्ही यंत्रं लागतात. P1 आधी प्रिंटर घेते, P2 आधी स्कॅनर घेते. कोडमध्ये ते असं दिसतं:

```c
/* P1 */
lock(printer);
lock(scanner);

/* P2 */
lock(scanner);
lock(printer);
```

या चार ओळी उत्तरात लिहिल्या तर उदाहरणाचा मार्क सहसा कुणी कापत नाही. त्याखाली एक वाक्य असं घाला की, P1 ने प्रिंटर आणि P2 ने स्कॅनर घेतला, आणि दोघींपैकी कुणीच अजून दुसरं यंत्र घेतलेलं नाही, असं झालं तरच दोघी अडकतात. P1 ने दोन्ही यंत्रं P2 सुरू व्हायच्या आधीच घेतली, तर काहीच बिघडत नाही, P2 थोडा वेळ थांबते एवढंच. म्हणजे हाच प्रोग्राम दहादा नीट चालून अकराव्यांदा अडकू शकतो. हे वाक्य पीपीटीत क्वचितच असतं, आणि लिहिणाऱ्याला विषय कळलाय हे तपासणाऱ्याला तिथेच समजतं.

आकृती

उदाहरणाखाली अर्धं पान आकृतीला द्या. शीर्षक आकृतीच्या खाली: "आकृती १: डेडलॉक असलेला रिसोर्स अलोकेशन ग्राफ".

प्रोसेसला गोल, रिसोर्सला चौकोन. चौकोनाच्या आत त्या रिसोर्सचे जितके नग तितके ठिपके. आपल्याकडे प्रिंटर एक, स्कॅनर एक, म्हणून दोन्ही चौकोनांत एकेक ठिपका. P1 डावीकडे, P2 उजवीकडे, R1 वर आणि R2 खाली ठेवलं की चारही बाण एकमेकांना न छेदता बसतात.

आता बाण. प्रोसेस रिसोर्स मागते तेव्हा बाण गोलाकडून चौकोनाकडे जातो आणि चौकोनाच्या कडेवर थांबतो. रिसोर्स प्रोसेसला मिळालेला असतो तेव्हा बाण चौकोनातल्या ठिपक्यापासून निघतो आणि गोलापर्यंत जातो. पहिल्याला रिक्वेस्ट एज, दुसऱ्याला असाइनमेंट एज. आपल्या आकृतीत प्रिंटरच्या ठिपक्यापासून P1 कडे बाण, P1 कडून स्कॅनरच्या कडेकडे बाण, स्कॅनरच्या ठिपक्यापासून P2 कडे, आणि P2 कडून प्रिंटरच्या कडेकडे. एका बाणावर तरी "रिक्वेस्ट" आणि एकावर तरी "असाइनमेंट" असं लिहा. आकृतीच्या बाजूला चक्र ओळीत लिहून द्या:

`R1 → P1 → R2 → P2 → R1`

ही ओळ तुमच्याच आकृतीची तपासणीही आहे. बोट ठेवून बाणांच्या दिशेने फिरा. तुम्ही जिथून निघालात तिथेच परत आलात तर आकृती बरोबर. एका जरी ठिकाणी बाणाच्या उलट जावं लागलं तर तिथलं टोक चुकलंय. मी पाहिलेली सगळ्यात नेहमीची चूक असाइनमेंट एजची आहे. "P1 कडे प्रिंटर आहे" हे वाक्य P1 पासून सुरू होतं म्हणून मुलं बाणही P1 पासूनच सुरू करतात. मग चारही बाण गोलाकडून चौकोनाकडे जातात. चक्र तर तयार होतच नाही, शिवाय कुणाकडेच काही नाही आणि सगळे फक्त मागतायत असा ग्राफ होतो.

उत्तरपत्रिका स्कॅन होतात आणि तपासणारा त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघतो, हे आकृती काढताना डोक्यात ठेवा. फिक्या पेन्सिलीची रेघ स्कॅनमध्ये नाहीशी होते. गोल आणि चौकोन पेन्सिलीने काढले तरी दाबून काढा. बाणांची टोकं, ठिपके आणि नावं सरळ पेनाने करा. खाडाखोड झाली तर आकृतीवर एक तिरकी रेघ मारून बाजूला नवी काढा. गिरवलेल्या बाणाला दोन्हीकडे टोकं दिसतात, आणि पडद्यावर बघणारा ते समजून घेत बसत नाही.

चार अटी, प्रत्येकी तीन वाक्यं

स्लाइडवर चार नावं आणि प्रत्येकापुढे एखादी तुटक ओळ असते. पेपरात प्रत्येक अटीला उपशीर्षक देऊन खाली तीन वाक्यं लिहायची: अट काय म्हणते, आकृती १ मध्ये ती कुठे दिसते, आणि ती नसती तर डेडलॉक का झाला नसता. तिसरं वाक्य स्लाइडवर कधीच नसतं, आणि सहा आणि नऊ मार्कांमधला फरक बराचसा तिथे असतो. चारही अटी लिहून दाखवतो.

*म्युच्युअल एक्सक्लूजन.* निदान एक रिसोर्स असा असतो की तो एका वेळी एकच प्रोसेस वापरू शकते. आकृतीत प्रिंटरचा एकच ठिपका आहे आणि तो P1 ला दिलेला आहे, म्हणून P2 ला थांबावं लागतं. प्रिंटर दोघींना एकाच वेळी वापरता आला असता, जशी फक्त वाचायची फाइल वापरता येते, तर P2 थांबलीच नसती.

*होल्ड अँड वेट.* प्रोसेस स्वतःकडचा रिसोर्स न सोडता दुसऱ्या रिसोर्ससाठी थांबते. P1 कडे प्रिंटरकडून येणारा बाण आहे आणि P1 कडून स्कॅनरकडे जाणाराही आहे. P2 चंही तसंच. दोन्ही यंत्रं एकदमच मागायची आणि एकदमच घ्यायची, असा नियम असता तर हातात एक धरून दुसऱ्यासाठी थांबायची वेळच आली नसती.

*नो प्रीएम्प्शन.* दिलेला रिसोर्स प्रोसेसकडून जबरदस्तीने काढून घेता येत नाही, काम झाल्यावर ती स्वतःच तो सोडते. आकृतीत प्रिंटरकडून P1 कडे आलेला बाण ऑपरेटिंग सिस्टिम पुसू शकत नाही. अर्धं पान छापून झाल्यावर प्रिंटर दुसऱ्याला देता येत नाही. सीपीयू जसा मधेच काढून घेता येतो तसा प्रिंटर P1 कडून काढून घेता आला असता, तर तो P2 ला देऊन तिचं काम संपलं असतं आणि डेडलॉक झाला नसता.

*सर्क्युलर वेट.* थांबलेल्या प्रोसेसची साखळी फिरून पहिल्या प्रोसेसपाशी येते. P1 ज्यासाठी थांबली ते P2 कडे आहे, आणि P2 ज्यासाठी थांबली ते P1 कडे, हेच वरचं चक्र. दोघींनी आधी प्रिंटर आणि मगच स्कॅनर घ्यायचा असा एकच क्रम पाळला असता, तर P2 सुरुवातीलाच प्रिंटरसाठी थांबली असती, स्कॅनर मोकळा राहिला असता आणि P1 चं काम संपलं असतं.

चारही झाल्यावर स्वतंत्र ओळीत लिहा: डेडलॉक होण्यासाठी या चारही अटी एकाच वेळी लागू असाव्या लागतात, एक जरी मोडली तर डेडलॉक होत नाही. हे वाक्य बरेच जण अटींच्या आधी एका कोपऱ्यात लिहितात आणि ते दिसत नाही. शेवटी लिहून त्याखाली रेघ मारा.

या अटी १९७१ साली कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडल्या, म्हणून त्यांना कॉफमनच्या अटीही म्हणतात. हे माहीत असावं, पण उत्तरात त्यावर परिच्छेद घालवू नका, प्रश्नात इतिहास विचारलेला नाही.

इथे एक शंका हुशार मुलं काढतात: सर्क्युलर वेट असेल तर होल्ड अँड वेट आपोआप आलंच, मग वेगळी अट कशाला? बरोबर आहे. चक्रातली प्रत्येक प्रोसेस काहीतरी धरून काहीतरी मागतेच. या चार अटी एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत. तरी वेगळ्या लिहायच्या, कारण डेडलॉक टाळायचे उपाय प्रत्येक अट वेगळी मोडण्यातून येतात, आणि मार्कही चारचे आहेत.

शेवटची दोन मिनिटं: चक्र आहे, डेडलॉक नाही

ग्राफच्या तीन मार्कांतला एखादा इथे दडलेला असतो. "ग्राफमध्ये चक्र असेल तर डेडलॉक असतो" असं लिहून उत्तर संपवणारे खूप. हे वाक्य प्रत्येक रिसोर्सचा एकच नग असेल तेव्हाच खरं आहे. एकापेक्षा जास्त नग असतील तर चक्र असूनही डेडलॉक नसू शकतो. चक्रच नसेल तर मात्र डेडलॉक नक्की नाही.

दाखवायला नवी आकृती शोधू नका, आकृती १ मध्येच थोडा बदल करा. स्कॅनरच्या चौकोनात दुसरा ठिपका काढा, म्हणजे स्कॅनर आता दोन. दुसऱ्या ठिपक्यापासून एका नव्या प्रोसेसकडे, P3 कडे, बाण न्या. P3 कुणाकडे काही मागत नाही, तिच्याकडून एकही बाण निघत नाही. जुनं चक्र जसंच्या तसं आहे. पण P3 चं काम संपेल तेव्हा तिचा स्कॅनर मोकळा होईल, तो P1 ला मिळेल, P1 चं काम संपून प्रिंटर सुटेल, आणि तो P2 ला मिळेल. कुणीच कायमचं अडकत नाही. आकृती २ म्हणून ही छोटी काढा आणि खाली हीच तीन पायऱ्यांची सुटका दोन ओळींत लिहा.

उतरवताना

पानावर प्रश्न क्रमांक आणि उपक्रमांक, म्हणजे ५ अ की ६ ब, पेपरात आहे तसाच समासात लिहा. पडद्यावर तपासताना मार्क त्या क्रमांकासमोर भरले जातात, क्रमांक चुकला तर चांगलं उत्तर नको त्या प्रश्नात जातं. शीर्षकं पाच पुरेत: व्याख्या, उदाहरण, ग्राफ, आवश्यक अटी, चक्र आणि डेडलॉक. शीर्षकाखाली पेनानेच एक रेघ. रंगीत पेनं घरी ठेवा. शीर्षकानंतर थेट वाक्य सुरू करा, बुलेटच्या ठिपक्यांची रांग लावू नका. ठिपके दिसले की पीपीटीच उतरवलीय असं वाटायला लागतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

घरी सराव करताना पीपीटी बंद ठेवून घड्याळ लावा आणि हे उत्तर १६ मिनिटांत लिहा. लिहून झाल्यावर लाल पेनाने स्वतः मार्क द्या. व्याख्येतले तीन तुकडे मोजा, आकृतीवर बोट फिरवा आणि प्रत्येक अटीखाली तिसरं वाक्य आहे का बघा. पहिल्या खेपेला बहुतेकांची दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीची तिसरी वाक्यं सुटलेली असतात. तेवढीच पुन्हा लिहा, सगळं उत्तर पुन्हा लिहायची गरज नाही.

हाच प्रश्न सहा मार्कांना आला तर वेळ दहा मिनिटांवर येतो. तेव्हा आकृती २ आणि कोड गाळा. उदाहरण दोन ओळींत सांगा, आणि प्रत्येक अटीची पहिली दोनच वाक्यं ठेवा. आकृती १ मात्र गाळू नका, तिच्याशिवाय दुसरी वाक्यं लिहिता येणार नाहीत. आणि प्रश्न "डेडलॉक प्रिव्हेन्शनच्या पद्धती स्पष्ट करा" असा आला, तर नवं काही पाठ करायचं नाही. तुमची चार तिसरी वाक्यंच आता उत्तर होतात. प्रत्येक अट कशी मोडायची हे आधी लिहा आणि त्याची किंमत काय ते त्यापुढे जोडा: सगळे रिसोर्स एकदम मागितले तर स्कॅनर तासभर रिकामा पडून राहतो, क्रम ठरवला तर प्रत्येक प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो पाळावा लागतो, आणि प्रिंटरसाठी म्युच्युअल एक्सक्लूजन तर थेट मोडताच येत नाही, तिथे कामं आधी डिस्कवर साठवून एकाच स्पूलरने छापावी लागतात.